सुट्टीच्या आठवड्याची छोटी सूचना आणि तिच्यामागचा तारखांचा हिशोब: एक प्रकरण

दुकान हाताने बांधलेल्या वह्या-डायऱ्यांचं, विक्री पूर्ण ऑनलाइन, काम करणाऱ्या दोघीजणी. दिवसाला साधारण ८ ऑर्डरी येतात. त्यातल्या ६ तयार वह्यांच्या, म्हणजे वही शेल्फवर आहे, फक्त पॅक करून कुरिअरला द्यायची. उरलेल्या २ नावाच्या डायऱ्यांच्या, आणि त्यांना ५ कामाचे दिवस लागतात कारण शिवण घालायची, पाठीला गोंद लावायचा, पुठ्ठा चढवायचा, मग प्रेसखाली नीट सुकू द्यायचं आणि सगळ्यात शेवटी कव्हरवर नाव ठसवायचं. सुकण्याचा वेळ काही केल्या कमी होत नाही, घाई केली की कव्हर वाकतं. काम सोमवार ते शनिवार. कुरिअरचं पिकअप रोज संध्याकाळी, शनिवारी मात्र दुपारीच.

रविवार १५ ते रविवार २२ दुकान बंद ठेवायचं ठरलं, सोमवार २३ ला परत सुरू. महिना कुठला याला महत्त्व नाही, ३१ दिवसांचा आहे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. ३ तारखेला दुकानाच्या पानावर ही सूचना लागली:

"आमचं दुकान १५ ते २२ सुट्टीनिमित्त बंद राहील. ऑर्डर घेणं चालू आहे. २३ पासून डिस्पॅच सुरू होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

वाचायला काही चुकीचं नाही. तारखा खऱ्या आहेत, भाषा नम्र आहे, छोटी आहे, आणि अशीच सूचना बहुतेक सगळे लावतात. पण दोन दिवसांत इनबॉक्समध्ये प्रश्न यायला लागले आणि ते सगळे मिळून तीनच प्रकारचे होते. एक, "ताई, १६ ला ऑर्डर केली तर २३ ला निघेल ना?" दुसरा, "नावाची डायरी १० ला ऑर्डर केली तर सुट्टीच्या आधी निघेल का?" आणि तिसरा, "मी आधीच ऑर्डर केलीय, माझीपण थांबणार का?"

या तीन प्रश्नांचं उत्तर सूचनेत असायला हवं होतं आणि ते नव्हतं. सूचना दुकानाबद्दल बोलते, दुकान कधी बंद, कधी सुरू. घेणाऱ्याला दुकानाशी तसं काही देणंघेणं नसतं हो, त्याला त्याचं पार्सल हवंय, त्याचा प्रश्न एकच, मी अमुक दिवशी ऑर्डर केली तर माझं पार्सल कुठल्या दिवशी निघेल. आणि त्याचं उत्तर दुकान उघडण्याच्या तारखेत नाहीये, ते रांगेत आहे. म्हणून या प्रकरणात मला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो तो रांगेच्या हिशोबाचा, सूचनेचे शब्द त्याच्यानंतर येतात.

आधी तयार वह्यांचं बघू, ते सोपं आहे. सुट्टीआधीचं शेवटचं पिकअप शनिवार १४ च्या दुपारी. सकाळी पॅकिंग करायचं म्हटलं तर आदल्या दिवशीपर्यंतच्या ऑर्डरी हातात पाहिजेत, म्हणून शुक्रवार १३, संध्याकाळी ५ ही शेवटची वेळ. त्यानंतर आलेलं सगळं २३ च्या नंतर. आता शनिवार १४ ते रविवार २२ हे ९ दिवस झाले, रोज ६ धरल्या तर २३ च्या सकाळी ५४ तयार वह्यांच्या ऑर्डरी वाट बघत असणार. एकजण पॅकिंगला बसली तर दिवसाला २० पार्सलं होतात, त्याहून जास्त केली की पत्ते चुकतात, भलत्याच्या पाकिटात भलती वही जाते. आणि त्या २० मधल्या २ जागा रोज नावाच्या डायऱ्यांना लागणार आहेत, त्या कुठून आल्या ते पुढे सांगते. म्हणजे जुन्या ऑर्डरींसाठी रोजच्या १८ जागा. ५४ भागिले १८, तीन दिवस. २३, २४ आणि २५.

म्हणजे १६ ला ऑर्डर करणाऱ्याचं २३ ला निघेल पण २१ ला करणाऱ्याचं २५ ला, आणि दोघांनीही सूचनेत "२३ पासून" वाचलेलं असतं. "पासून" हा शब्द दुकानदाराला दिसतो, घेणाऱ्याला फक्त २३ दिसतं. २५ ला निघालेलं पार्सल त्याच्या हिशोबात दोन दिवस उशिरा निघालेलं असतं, जरी दुकानाने एक मिनिटही वाया घालवलेलं नसलं तरी.

आणि हे इथेच संपत नाही, कारण २३, २४, २५ या तीन दिवसांत नव्या ऑर्डरी येतच राहतात, रोजच्या ६ म्हणजे १८. त्यांचा नंबर लागतो २६ ला. इथे गंमत अशी की २३ ला ऑर्डर करणाऱ्याने सुट्टीची सूचना वाचलेलीच नसते किंवा वाचून सोडून दिलेली असते, कारण दुकान तर उघडलंय. एरवी याच दुकानाच्या पानावर २ कामाच्या दिवसांत पाठवतो असं लिहिलेलं असतं, याचं मात्र तिसऱ्या दिवशी निघतं. म्हणजे सुट्टी २२ ला संपली तरी सुट्टीचा परिणाम २६ पर्यंत राहतो आणि सूचनाही तोवर राहिली पाहिजे. बरेच जण २३ च्या सकाळी पहिलं काम म्हणून सूचना काढून टाकतात, नेमकी ज्या चार दिवसांत ती सगळ्यात जास्त लागते तेव्हाच.

आता नावाच्या डायऱ्या. इथे खरी मेख आहे. डायरीला ५ कामाचे दिवस, आज आलेली ऑर्डर उद्या कामाला लागते. शनिवार १४ च्या दुपारच्या पिकअपला डायरी द्यायची तर ती शुक्रवार १३ च्या संध्याकाळी तयार पाहिजे, म्हणजे सोमवार ९ ला सुरू झाली पाहिजे, म्हणजे ऑर्डर रविवार ८ च्या रात्रीपर्यंत आलेली पाहिजे. सोमवार ९ ला आलेली ऑर्डर मंगळवार १० ला कामाला लागते, शनिवार १४ च्या संध्याकाळी तयार होते, आणि पिकअप तर दुपारीच येऊन गेलेलं. एका दुपारने हुकली आणि ती डायरी थेट २३ ला निघणार. दुकान अजून पाच-सहा दिवस उघडं आहे, रोज फोन उचलला जातोय, पार्सलं जातायत, आणि तरी त्या डायरीसाठी सुट्टी ९ तारखेलाच सुरू झालेली आहे.

म्हणजे एकाच दुकानात दोन शेवटच्या तारखा आहेत आणि त्यांच्यात पाच दिवसांचं अंतर आहे. जुन्या सूचनेत एकही नव्हती. १० ला नावाची डायरी मागवणाऱ्याने सूचना वाचून स्वतःच हिशोब केला असता की बंद १५ पासून आहे, अजून पाच दिवस आहेत, होऊन जाईल. त्याचा हिशोब वाचलेल्या माहितीवर बरोबर आहे, आणि म्हणूनच नंतर समजावणं कठीण जातं.

९ ते १३ या पाच दिवसांत रोज २ धरून १० डायऱ्या अशा अडकून राहतात. प्रत्येकीचं काम वेगवेगळ्या टप्प्यावर थांबतं, ९ ची पूर्ण झालेली, १३ ची नुकती शिवायला घेतलेली. ओळीने मोजलं तर ९ ची २३ ला निघते, १० ची २४ ला, ११ ची २५ ला, १२ ची २६ ला, १३ ची २७ ला. रोजच्या २ जागा ज्या मघाशी पॅकिंगमधून वजा केल्या त्या याच. गोंद लावलेली डायरी आठवडाभर प्रेसखाली राहिली तर काही बिघडत नाही, उलट चांगली बसते, पण शिवण अर्धी ठेवून जाऊ नये, दोरा सैल पडतो.

त्यानंतर १४ ते २२ मध्ये आलेल्या. ९ दिवस, रोज २, एकूण १८. या २३ पासूनच सुरू होणार कारण त्याआधी कोणी दुकानात नाहीये. प्रेसखाली एका दिवशी नव्या ६ च डायऱ्या घालता येतात, म्हणून २३, २४, २५ असे तीन गट. पहिला गट पाच दिवस घेऊन २७ ला तयार, शनिवार २८ ला निघतो. दुसरा मध्ये रविवार आल्यामुळे सोमवार ३० ला. तिसरा ३१ ला. १५ ला नावाची डायरी मागवणाऱ्याच्या हातात ती पडेपर्यंत पुढचा महिना उजाडलेला असू शकतो, आणि हे त्याला पैसे भरायच्या आधी कळायला पाहिजे. डायरी बहुतेक वेळा कोणाला तरी द्यायला घेतलेली असते, त्या दिवसानंतर ती पोचली तर कितीही सुंदर बांधलेली असो, काही उपयोग नाही.

हा सगळा हिशोब कागदावर मांडायला अर्धा तास लागला. लागणारे आकडे चारच: रोज सरासरी किती ऑर्डरी येतात, रोज जास्तीत जास्त किती पार्सलं पॅक होतात, बनवायच्या वस्तूला किती कामाचे दिवस लागतात, आणि अशा नव्या वस्तू एका दिवशी जास्तीत जास्त किती घेता येतात. सरासरी धरताना मागच्या एखाद्या सुट्टीच्या आठवड्याचा आकडा हाताशी असेल तर तोच घ्यावा, साध्या आठवड्याचा नको, कारण सुट्टीत काही दुकानांच्या ऑर्डरी निम्म्यावर येतात आणि काहींच्या वाढतात, ते वस्तूवर अवलंबून आहे.

मग नवी सूचना ५ तारखेला लागली. ८ ही शेवटची तारीख असल्यामुळे याहून उशीर चालला नसता, खरंतर ३-४ दिवस आधीच लागायला हवी होती. ती अशी:

"सुट्टीसाठी दुकान रविवार १५ ते रविवार २२ बंद आहे. ऑर्डर कधीही करा, पार्सल कधी निघेल ते खाली बघा.

तयार वह्या: शुक्रवार १३ संध्याकाळी ५ पर्यंतची ऑर्डर शनिवार १४ ला निघेल. त्यानंतर २२ पर्यंतची ऑर्डर गुरुवार २६ पर्यंत निघेल.

नावाची डायरी: रविवार ८ पर्यंतची ऑर्डर शनिवार १४ ला निघेल. ९ ते १३ ची शनिवार २८ पर्यंत, १४ ते २२ ची पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत.

या दुकानातून निघण्याच्या तारखा आहेत, पोचायला कुरिअरचे नेहमीचे दिवस वर धरा. तारीख जमत नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी ऑर्डर रद्द करता येईल, पूर्ण पैसे परत."

जुन्यापेक्षा लांब आहे हे खरं. पण वाचणारा सगळी वाचत नाही, तो आपली वस्तू शोधतो, आपली तारीख शोधतो आणि उत्तर घेऊन जातो. काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्यात. हिशोबात २५ आलं तरी सूचनेत २६ लिहिलं, २७ च्या जागी २८, ३१ च्या जागी १. प्रत्येक ठिकाणी एकेक कामाचा दिवस राखून ठेवलाय. "पासून" कुठेच नाही, सगळीकडे "पर्यंत", कारण वाचणारा जी तारीख डोक्यात धरतो ती शेवटचीच असावी. तारखेबरोबर वार दिलाय, त्याचा एक फायदा असा की लिहिताना चूक झाली तर लगेच सापडते, वार आणि तारीख जुळत नाहीत. माफीची ओळ काढली, तिथे रद्द करायची सोय सांगितली, मला ते जास्त आदराचं वाटतं.

तिसरा प्रश्न राहिला, ज्यांनी आधीच ऑर्डर केलीय त्यांचा. पानावर सूचना लावून हे लोक सापडत नाहीत, ते पुन्हा दुकानाच्या पानावर कशाला येतील. ५ तारखेला हातात असलेल्या सगळ्या ऑर्डरी १४ च्या आत निघणाऱ्या होत्या, त्यांना एका ओळीचा मेसेज गेला की तुमची ऑर्डर सुट्टीआधीच निघतेय, अमुक वारी. हा मेसेज अनावश्यक वाटतो कारण त्यांच्यासाठी काहीच बदललेलं नाही. पण सूचना बघून काळजीत पडलेला माणूस विचारतोच, आणि ज्याने विचारलं नाही तो मनात धरून बसतो.

आता एक भाग जो सूचनेत नाही पण सूचना खोटी पाडू शकतो. दुकानाच्या सिस्टीममध्ये ऑर्डर आली की आपोआप मेसेज जातो, "तुमची ऑर्डर २ कामाच्या दिवसांत पाठवू". वस्तूच्या पानावर अंदाजे पोचण्याची तारीख येते तीही याच २ दिवसांवरून काढलेली असते. वर सूचना २६ म्हणतेय, खाली सिस्टीम १८ म्हणतेय, आणि माणूस जी तारीख आवडते ती खरी धरतो. म्हणून १३ च्या संध्याकाळी ५ नंतर तयार वह्यांचा पाठवायचा वेळ सेटिंगमध्ये वाढवला, नावाच्या डायरीचा तर ८ च्या रात्रीच, आणि आपोआप जाणाऱ्या मेसेजमधली ओळ बदलून त्यात सूचनेतल्या त्याच तारखा टाकल्या. हे झालंय का ते बघायची पद्धत साधी आहे, स्वतः एक ऑर्डर टाकून बघायची आणि येणारा प्रत्येक मेसेज वाचायचा, नंतर ती रद्द करायची.

दुसरी सवय म्हणजे सुट्टीवर जायच्या आधी किंवा सुट्टीत घरबसल्या लेबलं काढून ठेवणं. २३ ला वेळ वाचेल हा विचार चांगला आहे, पण बऱ्याच सिस्टीममध्ये लेबल काढलं की ऑर्डर आपोआप "पाठवली" म्हणून नोंदते आणि घेणाऱ्याला ट्रॅकिंग नंबर जातो. मग तो रोज ट्रॅकिंग उघडतो आणि आठवडाभर तिथे काहीच हलत नाही. त्याला वाटतं पार्सल हरवलं. तारीख पाळूनही तक्रार येते ती अशी. इथे ठरलं की पत्त्यांची यादी आधी तपासून ठेवायची, अपुरा पत्ता, चुकीचा पिनकोड, नावातलं स्पेलिंग, हे सगळं आधी विचारून घ्यायचं, पण लेबल त्या दिवशीचं त्याच दिवशी.

प्रत्यक्षात २३ ला काय झालं तर २० पार्सलं तयार होती आणि पिकअपवाल्याने १२ च नेली. त्याची गाडीच भरलेली होती, कारण त्या भागातली बरीच दुकानं त्याच दिवशी उघडलेली आणि सगळ्यांकडे आठवड्याचा माल साठलेला. हे कुठल्याही मोठ्या सुट्टीनंतर पहिल्या कामाच्या दिवशी होऊ शकतं. उरलेल्या ८ ऑर्डरी कुरिअरने स्कॅन केल्याशिवाय "पाठवली" करायच्या नाहीत असं ठरलेलं असल्यामुळे त्या तशाच उघड्या राहिल्या, सगळ्या तयार वह्यांच्याच होत्या, आणि सूचनेत २६ लिहिलेलं होतं म्हणून कोणाला काही कळवायचीसुद्धा वेळ आली नाही. २४ ला मोठी गाडी मागवून २८ पार्सलं गेली. २५ ला जुन्या तयार वह्यांचा शेवटचा गठ्ठा गेला. राखून ठेवलेला दिवस पॅकिंगच्या उशिरासाठी ठेवलेला, कामाला आला तो पिकअपसाठी.

याच तीन दिवसांत एक मोह असतो त्याबद्दल सांगते. २३ ला आलेली नवी ऑर्डर समोर चमकत असते, माणूस ताजा असतो, मेसेज करत असतो, आणि १४ ला ऑर्डर केलेला गप्प असतो. हात नव्याकडे जातो. म्हणून यादी ऑर्डरच्या तारखेप्रमाणे लावून वरूनच काम करायचं, मध्येच उडी नाही. घोळ होतोय का ते ओळखायला रोज संध्याकाळी एकच गोष्ट बघायची, न निघालेल्यातली सगळ्यात जुनी ऑर्डर कुठल्या तारखेची आहे. ती तारीख रोज साधारण तीन दिवसांनी पुढे सरकली पाहिजे. सरकली नाही तर कोणीतरी रांगेत मागे राहिलंय.

नावाच्या डायऱ्यांमध्ये मात्र एक अडचण राहिलीच. १७ ला एकीने ऑर्डर केली, सूचना वाचली होती, तारीख मान्य होती, आणि २४ ला मेसेज आला की कार्यक्रमच अलीकडे आला, डायरी २८ च्या आत हवी. तिची डायरी दुसऱ्या गटात होती, म्हणजे ३० ला निघणारी. रांग मोडून तिला आधी घेतलं तरी ५ दिवसांचे ४ होत नाहीत, त्यामुळे हो म्हणण्यात अर्थच नव्हता. तिला लिहिलं: "३० च्या आधी होणार नाही, कव्हर सुकायला वेळ लागतोच. तुम्हाला चालत असेल तर शेल्फवरची तयार वही आजच पाठवते, फरकाचे पैसे परत करते. नाहीतर पूर्ण रद्द करू." तिने तयार वही घेतली. खरंतर सूचनेतल्या नियमाप्रमाणे रद्द करायची वेळ निघून गेली होती कारण काम त्याच सकाळी सुरू झालेलं, पण नाव अजून ठसवलेलं नव्हतं, ती डायरी दुसऱ्या कोणाला देता येत होती, मग अडवून काय मिळणार. पुढच्या वेळच्या सूचनेत "काम सुरू व्हायच्या आधी" च्या जागी "नाव ठसवायच्या आधी" असं घालायचं ठरलंय.

२६ ला सगळ्या जुन्या तयार वह्या निघून गेल्याची खात्री झाल्यावर सूचनेतला तो भाग काढला आणि त्यांचा पाठवायचा वेळ परत २ दिवसांवर आणला. नावाच्या डायरीची ओळ राहिली, फक्त बदलली: "आत्ता ऑर्डर केलेली डायरी ७ कामाच्या दिवसांत निघेल." कारण २३ ते २५ मध्ये आलेल्या डायऱ्या २६ ला कामाला लागल्या होत्या आणि १ ला निघणार होत्या. त्या निघाल्यावर, म्हणजे १ च्या संध्याकाळी, ती ओळही गेली.